दिलगिरीच्या पत्रातली तारीख

काम वेळेवर होणार नाही असं कळवणारं पत्र ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागात येतं, तेव्हा तिथला अधिकारी दिलगिरीच्या ओळी ओलांडून आधी नवी तारीख शोधतो. त्याच्या माणुसकीत काही कमी असतं म्हणून नव्हे, तर त्या तारखेवर त्याची पुढची चार कामं टांगलेली असतात म्हणून. त्याने मोटारी मागवलेल्या असतात, जोडणीसाठी माणसं लावलेली असतात, ट्रक सांगून ठेवलेला असतो आणि त्याच्या स्वतःच्या ग्राहकालाही त्याने एक तारीख दिलेली असते. आपलं पत्र वाचून झाल्यावर त्याला लगेच दोन-तीन फोन करायचे असतात. त्या फोनवर तो काय सांगू शकेल, ते आपल्या पत्रात असायला हवं.

हे नीट कळण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण फाउंड्रीत काम करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना आहे. तो बिडाचं कास्टिंग ओततो आणि स्वतःच मशीनिंगही करून देतो. पुण्याच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीने त्याला चाळीस पंप केसिंगची ऑर्डर दिली आहे. केसिंग म्हणजे पंपाचं गोगलगाईच्या आकाराचं बाहेरचं कवच. एका नगाची किंमत तीस हजार रुपये, एकूण ऑर्डर बारा लाखांची, माल द्यायची तारीख २८ फेब्रुवारी. हे पंप पाणीपुरवठा योजनेवर बसायचे आहेत आणि पुढे उन्हाळा आहे.

१० फेब्रुवारीच्या संध्याकाळची स्थिती अशी: चाळीसही नग ओतून झाले आहेत. त्यातल्या बावीस नगांचं मशीनिंग होऊन त्यांची हायड्रो टेस्ट झाली आहे. या चाचणीत केसिंगची सगळी तोंडं बंद करून आत पाणी भरतात आणि पंप चालताना जेवढा दाब येईल त्याच्या सहसा दीडपट दाब देऊन काही मिनिटं थांबतात. बावीसपैकी तेरा नग कोरडे राहिले. नऊ नगांवर एकाच जागी, फ्लँज जिथे कवचाला मिळते तिथे, पाण्याचे थेंब फुटले.

जागा एकच आहे, हीच कारणाची खूण. गडबड वाळूत किंवा ओतणाऱ्याच्या हातात असती तर गळती इथे-तिथे कुठेही दिसली असती. फ्लँज आणि कवच मिळतात तिथे धातू जाड असतो आणि जाड भाग सगळ्यात शेवटी थिजतो. थिजताना धातू आकसतो. त्या वेळी त्याला भर घालायला जवळ पातळ धातू शिल्लक नसेल, तर आत बारीक पोकळ्या राहतात. ही भर घालण्यासाठी साच्यात धातूचा जो जादा साठा ठेवतात त्याला रायझर म्हणतात. रायझर लहान पडला की ओतीव नग वरून गुळगुळीत दिसतो आणि आतून जाळीदार असतो. बाहेरची कातडी घट्ट असल्यामुळे मशीनिंगआधी हा दोष नजरेला येत नाही. मशीनने वरचा थर उतरवला की पोकळ्या उघड्या पडतात आणि पाण्याला वाट मिळते. म्हणूनच ही गोष्ट ओतकामाच्या दिवशी कळली नाही. ती १० फेब्रुवारीला कळली.

पत्र लिहायचा दिवस तोच. मुदत संपायला अजून अठरा दिवस आहेत आणि हे अठरा दिवस हीच कारखानदाराकडे देण्यासारखी मोठी गोष्ट आहे. पुण्याची कंपनी एवढ्या अवधीत मोटारींची गाडी मागेपुढे करू शकते, आलेल्या तेरा केसिंगवर जोडणी सुरू करू शकते, योजनेच्या इंजिनिअरला गाठून कोणत्या गावाचे पंप आधी हवेत ते ठरवू शकते. हेच पत्र २७ तारखेला गेलं तर यातलं काहीच करता येत नाही. तरीही बहुतेक पत्रं २७ तारखेलाच जातात, कारण तोवर रात्रपाळी लावून वेळ भरून काढता येईल अशी आशा असते. इथे रात्रपाळीचा फारसा उपयोग नाही. साच्यात ओतलेला जाड नग रात्रभर थंड व्हावा लागतो, आणि जास्त माणसं लावली म्हणून तो लवकर थंड होत नाही.

आता तारीख काढायची. इथे घाई करू नये. मालक ऑफिसात बसून “पंधरा दिवस धरा” म्हणतो, त्या पंधरा दिवसांत कुठलंच काम मोजलेलं नसतं. फोरमन, पॅटर्नवाला आणि मशीन शॉपचा माणूस यांना एकत्र बसवून उरलेलं काम ओळीने मांडायचं.

रायझर मोठा करण्यासाठी पॅटर्न दुरुस्त करायला तीन दिवस. मग चाचणीचे दोन नग ओतायचे: चौथ्या दिवशी ओतकाम, पाचव्या-सहाव्या दिवशी साचा फोडून फेटलिंग, म्हणजे जादा धातू तोडून नग घासून साफ करणं. त्यातला एक नग मशीनवर घेऊन पाण्याची चाचणी करायची आणि दुसरा सरळ कापून जाड भाग आतून कसा आहे ते पाहायचं. त्यात सातवा-आठवा दिवस जातो. चाचणी यशस्वी झाली तर नवव्या दिवसापासून रोज पाच याप्रमाणे चार दिवसांत वीस नग ओतता येतात. पहिला नग बाराव्या दिवशी मशीनवर चढतो. कारखान्यात हे केसिंग घेऊ शकेल असं मशीन एकच आहे आणि ते दिवसाला दोनच नग करतं. वीस नगांना दहा दिवस, म्हणजे एकविसावा दिवस उजाडतो. शेवटच्या नगांची चाचणी बाविसाव्या दिवशी, मग रंग आणि पॅकिंग. चोविसाव्या दिवशी माल दाराशी उभा राहतो.

या हिशोबात ओतकामापेक्षा जास्त दिवस मशीनने खाल्ले आहेत. उशीर फाउंड्रीत झाला, पण तारीख ठरते मशीन शॉपमध्ये. प्रत्येक कामात अशी एक अरुंद जागा असते आणि नवं वेळापत्रक तिथून मोजत यावं लागतं. शेजारच्या कारखान्यात तसंच मशीन रिकामं असेल तर चार-पाच दिवस वाचू शकतात. फोन करून आधी तेही पाहून घ्यावं, पण त्याचा शब्द हातात नसताना वाचलेले दिवस पत्रात धरू नयेत.

आधीच ओतलेले, पण मशीनिंग न झालेले अठरा नगही आहेत. तेही जुन्या रायझरचेच आहेत, म्हणजे त्यांतले काही गळणारच. ते सरसकट भंगारात टाकायचे का? पॅटर्न दुरुस्त होऊन चाचणी होईपर्यंत मशीन तसंही मोकळं आहे. तेवढ्यात हे अठरा नग करून घेता येतात. बावीसात तेरा चांगले निघाले, त्या प्रमाणात अठरात दहा-अकरा निघावेत. ग्राहकाला मात्र आठच कबूल करायचे. दहा आले तर कुणाचीच तक्रार नसते.

चोविसावा दिवस, मधले रविवार आणि धुळवडीची सुट्टी वजा केली, की ११ मार्चला येतो. मग ११ मार्च लिहायचं का? माझ्या मते नाही. वरच्या हिशोबात सगळं बिनचूक घडेल असं धरलं आहे. वीसपैकी तीन-चार नग पुन्हा खराब निघाले तर एक दिवस जादा ओतकाम आणि दोन दिवस जादा मशीनिंग लागेल. तेवढा वाव ठेवला की तारीख १६ मार्च होते. फ्रेडरिक ब्रूक्स हे आयबीएममध्ये मोठ्या संगणक प्रकल्पाचे प्रमुख होते. १९७५ सालच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्यांनी एका अनुभवी इंजिनिअरचा सल्ला सांगितला आहे. त्याचा आशय असा, की वेळापत्रक पुढे ढकलायचंच असेल तर थोडं-थोडं ढकलू नका, काम नीट पुरं होईल एवढा अवधी एकदाच मागून घ्या. संगणकाच्या कामाइतकाच तो बिडाच्या कामालाही लागू पडतो. पहिला उशीर ग्राहक सहन करतो. सुधारित तारीखही चुकली की तो दुसरा कारखाना शोधू लागतो, कारण तोवर त्याने आपल्या शब्दावर स्वतःच्या ग्राहकाला दुसऱ्यांदा शब्द दिलेला असतो.

कारणं लिहिताना या गोष्टीत एक अवघड वळण आहे. पुण्याच्या कंपनीने १२ जानेवारीला सुधारित ड्रॉइंग पाठवलं होतं आणि त्यात फ्लँजची जाडी सहा मिलिमीटरने वाढवली होती. जाडी वाढली म्हणून तो भाग उशिरा थिजू लागला आणि जुना रायझर अपुरा पडला. म्हणजे बदल ग्राहकाकडून आला. “आपल्या ड्रॉइंगमधील बदलामुळे विलंब झाला” असं वाक्य लिहायला हात शिवशिवतो आणि ते पूर्ण खोटंही नाही. पण बदललेलं ड्रॉइंग हातात आल्यावर रायझर पुन्हा मोजणं हे फाउंड्रीचंच काम होतं. ग्राहकाच्या इंजिनिअरला हे पत्र वाचताक्षणी कळेल. कळलं की बाकीच्या पत्रावरचा त्याचा विश्वासही जाईल. त्यामुळे ड्रॉइंगची तारीख लिहायची, बदल काय होता तो लिहायचा आणि आपल्याकडून काय राहिलं तेही त्याच वाक्यात लिहायचं. विशेषणं नकोत.

“अपरिहार्य कारणास्तव”, “तांत्रिक अडचणींमुळे” हे शब्द म्हणूनच निरुपयोगी आहेत. त्यावरून ग्राहकाला हे कळत नाही की अडचण संपली आहे की अजून चालू आहे. कारण सांगायचं ते त्याला नव्या तारखेचा अंदाज पडताळून पाहता यावा म्हणून. पाऊस, वीज, कामगारांची रजा अशी पाच-सहा कारणं एकापुढे एक लावली तर खरं कारणही त्यात बुडून जातं. ज्या कारणाने तारीख हलली ते एकच सांगावं.

आता पत्र असं होईल:

“विषय: ४० पंप केसिंगची ऑर्डर, २८ फेब्रुवारीऐवजी सुधारित तारीख १६ मार्च.

सन्माननीय महोदय,

आपल्या ऑर्डरमधील ४० केसिंग आम्ही २८ फेब्रुवारीपर्यंत पूर्ण देऊ शकणार नाही. त्याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो. हे पंप उन्हाळ्यापूर्वी बसवायचे आहेत याची आम्हाला जाणीव आहे.

आज, १० फेब्रुवारीपर्यंत २२ नगांची हायड्रो टेस्ट झाली. १३ नग उत्तीर्ण झाले व ९ नगांना फ्लँजच्या मुळाशी गळती आढळली. आपल्या १२ जानेवारीच्या सुधारित ड्रॉइंगमध्ये फ्लँजची जाडी ६ मि.मी. वाढली होती. त्यानुसार रायझरचा आकार बदलणे ही आमची जबाबदारी होती. तो बदल आमच्याकडून झाला नाही. पॅटर्नची दुरुस्ती उद्या सुरू होत आहे.

माल पुढीलप्रमाणे पाठवू. उत्तीर्ण १३ नग १६ फेब्रुवारीला. सध्या तयार असलेल्या उरलेल्या कास्टिंगपैकी चाचणीत उत्तीर्ण होणारे किमान ८ नग २६ फेब्रुवारीला. बाकीचे सर्व नग नव्या ओतकामातून १६ मार्चपर्यंत.

शेवटची तारीख एका गोष्टीवर अवलंबून आहे. दुरुस्त पॅटर्नवरील चाचणीचा निकाल १९ फेब्रुवारीला मिळेल आणि तो त्याच संध्याकाळी आपल्याला कळवू. ही चाचणी अयशस्वी झाल्यास आणखी आठ कामाचे दिवस लागतील व शेवटची तारीख २६ मार्च होईल.

गळती आढळलेला कोणताही नग दुरुस्त करून पाठवला जाणार नाही. प्रत्येक नगासोबत चाचणीचा अहवाल असेल.

पहिल्या २१ नगांपैकी आपल्याला कोणत्या ठिकाणचे पंप आधी हवे असल्यास कळवावे. त्याप्रमाणे नगांवर खुणा करून पाठवू. सुधारित तारखा मान्य असल्यास ऑर्डरमध्ये तशी दुरुस्ती करून पाठवावी, ही विनंती. या कामासाठी आमचे उत्पादन प्रमुख आपल्या संपर्कात राहतील. त्यांचा थेट क्रमांक खाली दिला आहे.”

क्षमा या पत्रात एकदाच मागितली आहे आणि ती दुसऱ्याच वाक्यात आहे. चार वेळा मागितली की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं आणि मुद्दा शोधावा लागतो. विषयाच्या ओळीतच दोन्ही तारखा आहेत, म्हणजे ज्याला पत्र उघडायला वेळ नाही त्यालाही बातमी कळते. २६ मार्चची वाईट शक्यताही आधीच सांगितली आहे. ती लिहायला कारखानदार कचरतात. पण १९ तारखेला चाचणी फसलीच, तर ग्राहकाला ती नवी बातमी वाटणार नाही.

गळके नग दुरुस्त न करण्याचं वाक्य काहींना अनावश्यक वाटेल. खरेदी अधिकाऱ्याला मात्र उशिरा येणाऱ्या मालाची हीच धास्ती असते. बिडाच्या बारीक गळतीत राळेसारखं रसायन भरून ती बंद करता येते, वेल्डिंगही करता येतं. ग्राहकाने लेखी परवानगी दिली तर असे उपाय काही ठिकाणी चालतातही. न विचारता केलं आणि पंप गावात बसल्यावर गळला, तर मात्र गोष्ट उशिराची राहत नाही.

पैशांचा प्रश्न पत्रात नाही, तो मुद्दामच ठेवलेला नाही. बहुतेक खरेदी आदेशांत उशिराबद्दलच्या भरपाईचं कलम असतं. त्याला सगळे एलडी म्हणतात. नेहमीचा नमुना असा, की दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के. आपल्या उदाहरणात २८ फेब्रुवारी ते १६ मार्च म्हणजे सोळा दिवस होतात. आठवड्याचा तुकडाही पूर्ण आठवडा धरतात असं कलम असेल तर तीन आठवडे, म्हणजे दीड टक्का. ही टक्केवारी संपूर्ण ऑर्डरवर असेल तर अठरा हजार रुपये जातात. फक्त उशिरा पोचलेल्या मालावर असेल, तर एकोणीस नगांचे पाच लाख सत्तर हजार आणि त्यावर आठ हजार पाचशे पन्नास. तयार माल आधी पाठवण्याने कारखानदाराचाही असा फायदा होऊ शकतो. म्हणून पत्र लिहिण्याआधी ऑर्डरचं ते कलम काढून वाचावं.

इथे एक मोह होतो. १६ ऐवजी १४ मार्च लिहिलं तर उशीर दोनच आठवड्यांचा होतो आणि दोन हजार आठशे पन्नास रुपये वाचतात. वाव म्हणून ठेवलेले दोन दिवस त्यासाठी विकू नयेत.

कायद्याची बाजूही थोडी माहीत असावी. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ५५व्या कलमानुसार, करारात वेळ हाच गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर समोरचा पक्ष करार रद्द करू शकतो. रद्द न करता त्याने उशिरा आलेला माल स्वीकारला, तर उशिराबद्दलची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच “भरपाईचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत” अशी सूचना दिली असेल तरच मागता येते. त्यामुळे मोठ्या कंपनीचं उत्तर बहुधा असं येतं: तारीख मान्य, एलडीचा हक्क राखून. ते वाचून कारखानदाराने रागावू नये. तो अधिकारी त्याच्या कंपनीचं काम करतो आहे. कलम ६३ प्रमाणे मुदत वाढवून देणं हा ग्राहकाचा अधिकार आहे, आणि ती वाढ ऑर्डरच्या लेखी दुरुस्तीत आली की दोन्ही बाजूंना एकच तारीख राहते. फोनवर “चालेल हो” म्हणणारा अधिकारी उद्या बदलून जाऊ शकतो. एलडी माफ करा ही विनंती करायचीच असेल तर शेवटचा नग पोचल्यावर, वेगळ्या पत्राने करावी. क्षमेच्या पत्रात ती घातली की क्षमा सवलतीसाठी मागितल्यासारखी दिसते.

निसर्गाचा किंवा सरकारी आदेशाचा अडथळा असेल तर गोष्ट वेगळी. पंचगंगेला पूर येऊन रस्ते बंद झाले, असं कारण असेल तर करारातलं दैवी आपत्तीचं कलम पाहावं. बऱ्याच करारांत अशी सूचना ठरावीक दिवसांच्या आत द्यावी लागते. तो अवधी उलटला की पूर खरा असूनही सवलत हातची जाऊ शकते. चुकलेल्या रायझरला मात्र हे कलम लावू नये.

राहिलं १९ फेब्रुवारीचं कळवणं. ते संध्याकाळीच जायला हवं, निकाल काहीही असो. त्यासाठी चार ओळी पुरतात: एक नग कापला, जाड भाग आतून घन आहे, फोटो सोबत; दुसरा नग पूर्ण दाबाखाली कोरडा राहिला; नवं ओतकाम उद्या सुरू होतंय; १६ मार्च कायम. पुढे २६ तारखेच्या गाडीबरोबर किती नग निघाले आणि किती उरले याची एक ओळ, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मशीनवरून किती नग उतरले याची एक ओळ.